‘पोटदुखी, खडे, चार दिवस’

आमच्या रुग्णालयात कॅशलेसचं टेबल माझ्याकडे आहे, त्यामुळे प्री-ऑथचे सगळे अर्ज माझ्या नजरेखालून जातात. ओपीडीच्या गर्दीत कुणीतरी तो फॉर्म दोन मिनिटांत उरकतं आणि घोळ तिथेच सुरू होतो. एका ५२ वर्षांच्या बाईंच्या फॉर्मवर लिहिलं होतं: ‘तीन वर्षांपासून पोटदुखी. पित्ताशयात खडे. दुर्बिणीतून ऑपरेशन. मुक्काम चार दिवस. रिपोर्ट सोबत.’ यात खोटं काही नव्हतं. तरी टीपीएची क्वेरी आलीच: त्रास नेमका कधीपासून, ऑपरेशनची गरज काय, चार दिवस कशासाठी?

अशा क्वेरीवर चिडण्यात अर्थ नसतो. तिकडे बसलेल्या डॉक्टरांनी रुग्णाला पाहिलेलं नसतं. त्यांच्यासमोर फक्त आपला कागद असतो. विमा कंपनीने तासाभरात निर्णय द्यावा, असा नियम २०२४ पासून आहे खरा, पण अर्धवट अर्जावर तासाभरात येते ती क्वेरीच.

सगळ्यात महागात पडले असते ‘तीन वर्षांपासून’ हे दोन शब्द. पॉलिसी अडीच वर्षांची होती, म्हणजे कागदावर आजार पॉलिसीच्या आधीचा ठरत होता. मी बाईंशी बोलले. “अ‍ॅसिडिटी जुनीच हो मॅडम, गोळी घेतली की बसते,” त्या म्हणाल्या. “पण ही कळ दिवाळीनंतरची. तेलकट खाल्लं की उठते, पार पाठीत जाते.” दिवाळीला चार महिने झाले होते आणि खडे पहिल्यांदा दिसलेली सोनोग्राफीही त्यानंतरचीच होती. दोन त्रास दोन वाक्यांत वेगळे लिहायला हवे होते, पहिल्या तपासणीच्या तारखेसह. मात्र कळ खरोखर जुनी असेल तर ती जुनीच लिहावी. एखादा जुना केसपेपर निघाला तर क्लेम जातोच, पॉलिसीवरही गदा येऊ शकते. बाईंच्या मधुमेहाचंही तसंच: कधीपासून आहे आणि औषध कोणतं, हे स्पष्ट हवं.

दुसरा प्रश्न गरजेचा. नुसते खडे असणं हे ऑपरेशनचं कारण होत नाही. काहीच त्रास न देणारे खडे बहुतेक वेळा तसेच राहू देतात. म्हणून अर्जात लक्षण, तपासणी आणि निर्णय एकाला एक जोडून यावे लागतात. आम्ही लिहिलं: ‘चार महिन्यांत उजव्या बरगडीखाली कळेचे वारंवार झटके, शेवटच्या वेळी ओपीडीत सलाईनमधून वेदनाशामक द्यावं लागलं. सोनोग्राफीत अनेक खडे, पित्ताशयाची भिंत ५ मिमी (एरवी ३ पर्यंत), पित्तनलिका ४ मिमी, बिलिरुबिन सामान्य. नलिकेत खडा असल्याचं लक्षण नाही. त्यामुळे ईआरसीपी न करता थेट दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं नियोजन.’ रिपोर्ट जोडलेला असला तरी त्यातली कामाची ओळ अर्जात उतरवावी. पहिल्या फॉर्मवर कोडही K80.2 पडला होता, म्हणजे सूज नसलेले खडे. सोनोग्राफीत भिंत जाड आणि सर्जनचं निदान जुनाट सुजेचं, तर कोड K80.1 हवा. कोड एक सांगतोय आणि मजकूर दुसरं, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

खरी मेख मुक्कामात होती. हे ऑपरेशन झालेला माणूस एरवी एक-दोन दिवसांत घरी जातो, मग इथे चार का? ‘निरीक्षणासाठी’ या शब्दाने कुणाचंच समाधान होत नाही. प्रत्येक दिवशी घरी होऊ शकणार नाही असं काय होणार, ते लिहावं लागतं. या बाईंची उपाशीपोटीची साखर गोळ्या चालू असूनही २३० होती. भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी भरती करून इन्सुलिनवर घ्यायला सांगितलं होतं. त्यांचं लेखी मत आम्ही जोडलं. पहिला दिवस इन्सुलिन आणि दर सहा तासांनी साखर, दुसरा ऑपरेशनचा, तिसरा शिरेतून अँटिबायोटिक आणि खाणं सुरू करताना इन्सुलिनचं प्रमाण बसवणं, चौथ्या दिवशी साखर आणि जखम पाहून डिस्चार्ज. पहिल्या दिवसापुढे कुणी ‘ऑपरेशनपूर्व तपासण्या’ लिहिलं असतं तर तो दिवस कापला जाण्याची शक्यता होती, कारण त्या ओपीडीत होतात.

मंजुरी चार दिवसांची आली. पण पित्ताशय आजूबाजूला घट्ट चिकटलेलं असलं तर सर्जनला दुर्बीण सोडून पोट उघडावं लागतं आणि मुक्काम वाढतो. ही शक्यता धरून आधीच सहा दिवस मागू नयेत. तसं झालंच तर त्याच दिवशी ऑपरेशनची नोंद जोडून वाढीव मंजुरी मागावी आणि दुर्बीण का सोडावी लागली, ते सर्जनकडूनच दोन ओळींत लिहून घ्यावं. डिस्चार्जच्या दिवशी ही मागणी गेली तर नातेवाईक बिलाच्या खिडकीपाशी ताटकळत बसतात.