फट वाढली की खुंटावरचा रेटा वाढतो

पनवेलजवळच्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात पाइप रचणे हे रोजचे काम आहे. ट्रेलर येतो, हायड्रा माल उतरवते, माथाडी कामगार ठोकळे लावतात आणि पाइप उभ्या खुंटांच्या लोखंडी घोडीत एकावर एक बसतात. त्या परिसरातल्या एका गोदामात घोडीचा एका बाजूचा खुंट बुडापाशी वाकला, वरचा पाइप खाली घसरला आणि शेजारी उभ्या कामगाराचा पाय थोडक्यात वाचला. मी तिथे घोड्यांची तपासणी करण्यासाठी जात असे. सगळ्यांचा पहिला अंदाज एकच होता : माल जास्त झाला. वजने मांडून पाहिली, तर त्या दिवशी घोडीवर नेहमीपेक्षा कमी माल होता.

घोडीची आतली रुंदी 820 मिलिमीटर होती. ती सोळा इंची पाइपसाठी बनवलेली होती. या पाइपचा बाहेरचा व्यास साधारण 406 मिलिमीटर असतो, म्हणजे खाली दोन पाइप जवळजवळ चिकटून बसत आणि तिसरा त्यांच्या खोबणीत वर. त्या दिवशी तिथे बारा इंची पाइप ठेवले होते. त्यांचा व्यास 324 मिलिमीटर. खालचे दोन पाइप दोन्ही बाजूंच्या खुंटांना टेकले, त्यांच्यामध्ये 172 मिलिमीटरची फट राहिली आणि वरचा पाइप त्या फटीत खोल उतरून बसला. सहा मीटर लांबीचा सोळा इंची पाइप सुमारे 560 किलोचा आणि बारा इंची सुमारे 480 किलोचा. तीन पाइपचे वजन 1680 किलोवरून 1440 किलोवर आले होते. तरी खुंट वाकला.

याचे उत्तर तिन्ही पाइप एकत्र धरून मिळत नाही. एकत्र धरले तर एवढेच कळते की दोन्ही खुंटांचे रेटे समान आणि विरुद्ध आहेत. ते किती, हे त्या आकृतीत दिसत नाही. म्हणून प्रत्येक पाइपची फ्री बॉडी डायग्राम वेगळी काढायची. सोयीसाठी बले किलोतच सांगतो आणि घर्षण सुरुवातीला शून्य धरतो.

आधी वरचा पाइप. त्याच्यावर तीनच बले आहेत : खाली 480 किलो वजन आणि खालच्या दोन पाइपनी दिलेले दोन आधार. गोल पाइप एकमेकांना जिथे टेकतात, तिथला आधार दोन्ही केंद्रे जोडणाऱ्या रेषेवरच असतो. ही रेषा उभ्या दिशेशी जो कोन करते, त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. खालच्या दोन केंद्रांमधले अंतर 820 वजा 324, म्हणजे 496 मिलिमीटर. त्याचे निम्मे 248, आणि केंद्रांना जोडणाऱ्या तिरप्या रेषेची लांबी 324. त्यावरून कोन सुमारे 50 अंश येतो. दोन्ही आधारांच्या उभ्या भागांनी मिळून 480 किलो पेलायचे, म्हणून प्रत्येक आधार सुमारे 373 किलो.

आता खालचा एक पाइप. त्याच्यावर स्वतःचे वजन, वरच्या पाइपचा हा 373 किलोचा तिरपा दाब, जमिनीचा आधार आणि खुंटाचा आधार आहे. उभ्या दिशेचा हिशेब केला की जमिनीचा आधार 720 किलो येतो, म्हणजे स्वतःचे 480 आणि वरच्याचे निम्मे. आडव्या दिशेत वरच्या पाइपचा रेटा खुंटालाच सोसावा लागतो. तो येतो 285 किलो. सूत्रात लिहिले तर वरच्या पाइपच्या वजनाचे निम्मे गुणिले कोनाचा टॅन्जंट : F = (W/2) tan θ.

हाच हिशेब सोळा इंची पाइपचा केला, तर कोन साधारण 31 अंश आणि खुंटावरचा रेटा फक्त 165 किलो येतो. हलका माल, पण रेटा पावणेदोन पट. बारा इंची पाइपचे केंद्र खाली असते, म्हणून तो खुंटाला थोड्या कमी उंचीवर ढकलतो, हे खरे. तोही विचार करून खुंटाच्या बुडाशी येणारे वाकवणारे बलाघूर्ण सुमारे 33 वरून 46 किलो-मीटरवर जाते (बल किलोत, अंतर मीटरमध्ये). खालच्या प्रत्येक पाइपखाली जमिनीवरचा भार मात्र पाइप कितीही पसरले तरी एका पाइपच्या वजनाच्या दीडपटच राहतो. म्हणून तळ भक्कम आहे, एवढ्यावर समाधान मानू नका.

आकृती काढताना शिकणारे एक बल फुकट घालतात : खालच्या दोन पाइपनी एकमेकांना दिलेला दाब. सपाट तळावर, उभ्या खुंटांच्या घोडीत तो नसतो. वरचा पाइप त्यांना दूर सारत असतो, आणि नुसते टेकलेले पाइप एकमेकांना ओढू शकत नाहीत. असे बल धरून उत्तर ऋण आले, तर तिथला स्पर्श सुटला आहे असे समजा, ते बल शून्य करा आणि हिशेब नव्याने करा.

घर्षण काही भार पेलते, म्हणूनच कित्येक चळती खुंटाशिवाय उभ्या दिसतात. पण खालचे पाइप एकमेकांना लागून असतील, तर पाइप-पाइपमध्ये किमान 0.27 घर्षणगुणांक लागतो. आपल्या घोडीसारखी फट पडली की तो 0.47 च्या आसपास लागतो. तेल लावलेले किंवा पावसात भिजलेले पाइप एवढे घर्षण देतीलच असे नाही, आणि ट्रेलरच्या हादऱ्यांत तर ते धरूच नये. खुंट घर्षण शून्य धरूनच निवडावा.

आता काय करायचे ते सांगतो. पाइपचा आकार बदलला की घोडीतली फट मोजा. आपल्या उदाहरणात खुंट आणि पाइप यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना 86 मिलिमीटरचे पक्के ठोकळे घातले, तर खालचे पाइप एकमेकांना भिडतात, कोन 30 अंशांवर येतो आणि रेटा 285 वरून 139 किलोवर उतरतो. ठोकळा दोन पाइपच्या मधल्या फटीत घालू नका. त्याने पाइप होते तेवढेच पसरलेले राहतात आणि खुंटावरचा रेटा तसूभरही कमी होत नाही.

फक्त वरच्या पाइपवरून गेलेला पट्टा करकचून आवळला की काम सुरक्षित झाले, असे अनेकांना वाटते. पट्ट्याने वरच्या पाइपवर 500 किलोचा दाब आणला, तर हिशेबात 480 च्या जागी 980 किलो येतात आणि त्याच घोडीत खुंटावरचा रेटा 580 किलोच्या पुढे जातो. आधी ठोकळे, मग पट्टा, हा क्रम सोडू नका.

खुंट बाहेर झुकलेला असेल, बुडाच्या वेल्डजवळचा रंग तडकला असेल किंवा कालपेक्षा वरचा पाइप खाली बसलेला दिसला, तर त्या घोडीजवळ कोणालाही उभे करू नका. उतरवताना वरचा पाइप हायड्राने पूर्ण उचलल्याशिवाय एकही खुंट काढू नका, कारण तोपर्यंत सगळा आडवा रेटा त्या खुंटावरच असतो. दोनपेक्षा जास्त थर असतील, तर हे आकडे तसेच लावू नका. प्रत्येक पाइपची आकृती वेगळी काढा, आणि ती काढून झाल्याशिवाय घोडीत माल भरायला सांगू नका.