झोका आणि पिंपभर पाणी

चि. निखिल,

पत्र पोचलं. नागपंचमीच्या आत परसात सईसाठी झोका बांधायचा बेत ऐकून बरं वाटलं. ‘दुकानातून पिवळा प्लास्टिकचा दोर आणलाय, फांदीवरून टाकतो आणि दोन गाठी मारतो,’ हे पुढचं वाक्य वाचल्यावर मात्र चष्मा पुसून लिहायला बसलो. एकतीस वर्षं मी गोदीत दोर, पट्टे आणि शॅकल यांच्यावर भार उचलला. त्या धंद्यात एक शिकलो. दोर मधोमध क्वचित तुटतो. तो घासतो तिथे तुटतो किंवा गाठीतून सुटतो. झोक्याचं याहून वेगळं नाही.

तुझ्या आईचा डावा हात मनगटात पुरता वळत नाही, हे तू पाहिलं असशील. ती नऊ वर्षांची असताना झोका मी बांधला होता आणि गाठही माझीच होती. ती गोष्ट पुढे येईल. आधी फांदी बघू.

तुझ्या परसात गुलमोहर, जांभूळ आणि आंबा आहे. गुलमोहर आणि जांभूळ सोडून दे. दोन्हींची फांदी हिरवीगार दिसत असतानाच कडकन मोडते, वाकून इशारा देत नाही. शेवगा असता तर तोही नको म्हणालो असतो. चिंच किंवा वड असता तर बरं झालं असतं, पण तुझा आंबा चालेल. त्याची पूर्वेकडची फांदी बारा फुटांवर आहे आणि जवळजवळ आडवी जाते, असं तू लिहितोस. आता तिचं माप घे. झोक्याचा दूरचा दोर जिथे येईल तिथे फांदीभोवती सुतळी गुंडाळ आणि ती सुतळी मोज. घेर 63 सेंटिमीटरच्या वर हवा, म्हणजे जाडी 20 सेंटिमीटर भरते. बुंध्याजवळ मोजून समाधान मानू नकोस, फांदी पुढे निमुळती होत जाते.

मग फांदी खोडातून निघते तो सांधा नीट बघ. तिथे जाड गळपट्ट्यासारखा फुगवटा असेल आणि बेचक्याचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा मोकळा असेल, तर जोड पक्का. बेचकं व्हीसारखं अरुंद असेल आणि दोन्हीकडची साल आत दबून चीर पडल्यासारखी दिसत असेल, तर ती फांदी खोडाला नुसती टेकलेली आहे, जुळलेली नाही. ती घेऊ नकोस. फांदीच्या शेंड्याला पालवी आहे ना, बांडगूळ चढलेलं नाही ना, कुठे अळंबी उगवली नाही ना, हेही पाहा. आंब्याला भिरूड लागते. सालीला भोक आणि त्याखाली लाकडाचा भुसा दिसला, की आत पोखरलंय असं समज. शेवटी लाकडी हातोडीने फांदीवर टोकत जा. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ लाकूड घुमतं.

आता तो पिवळा दोर. तो गुरं बांधायला वापर. उन्हात तो दोन-एक पावसाळ्यांत कडक होतो, हाताला त्याची कुसळं लागतात, आणि गुळगुळीत असल्यामुळे त्यात गाठ धरत नाही. काथ्याचा दोर आतून कुजतो आणि वरून चांगला दिसतो. नायलॉन ताकदीचं असतं, पण ताणतं. चार दिवसांत सईचे पाय जमिनीला घासू लागतील. तू 12 मिलिमीटर जाडीचा पॉलिएस्टरचा दोर आण. चांगल्या प्रतीचा असा दोर तुटायला दोन हजार किलोंच्या वर भार लागतो.

एवढी ताकद कशाला, असं म्हणशील. सई बावीस किलोंची. पण झोका हलतो तेव्हा तळाच्या बिंदूवर दोराला नुसतं वजन पेलायचं नसतं, वजनाची दिशाही वळवायची असते. दोर उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत गेला, तर खाली येताना भार दुप्पट होतो. दोर आडवा होईपर्यंत झोका चढला, तर तिप्पट. आणि झोक्यावर फक्त सई बसेल, अशी स्वप्नं बघू नकोस. पहिल्याच रविवारी तू बसशील. तू सत्तर किलोंचा, सत्तरची तिप्पट दोनशेदहा. हा आकडा लक्षात ठेव, पुन्हा लागेल. गाठ मारली की दोराची साधारण एक तृतीयांश ताकद जाते, म्हणजे दोन हजारांतले तेराशे उरतात. सगळा भार एकाच दोरावर आला तरी दोनशेदहाच्या सहापट ताकद हाताशी राहते. एवढी हवीच, कारण दोर उन्हापावसात झिजणार आहे.

दोर फांदीवर सरळ मात्र टाकायचा नाही. झोका हलला की दोर सालीवर करवतीसारखा फिरतो. साल कापली जाते आणि दोराचेही धागे सुटतात. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली येतं. तो थर सभोवार कापला की फांदी हळूहळू मरते, आणि मेलेल्या फांदीवर मूल झुलतं. म्हणून फांदीवर पट्टा. क्रेनवाले माल उचलायला वापरतात तसले, दोन्ही टोकांना शिवलेले डोळे असलेले, दोनेक इंच रुंदीचे दोन पट्टे घे. जांभळ्या रंगाचा पट्टा एक टनाचा असतो, त्याच्या शिवलेल्या चिठ्ठीवर आकडा वाचून घे. चिठ्ठी नसलेला पट्टा फुकट मिळाला तरी घेऊ नकोस. पट्टा फांदीभोवती पसरून गुंडाळ, एका डोळ्यातून दुसरा डोळा ओव आणि खाली ओढून आवळ. शिवण फांदीवर येऊ नये. पहिला पट्टा खोडापासून चार फुटांवर, दुसरा त्याच्यापुढे अडीच फुटांवर. शिडी वर दोरीने बांध आणि खाली एक माणूस धरायला ठेव. ओल्या सालीवर पाय देऊ नकोस.

प्रत्येक पट्ट्याच्या लोंबत्या डोळ्यात एक डी-शॅकल अडकव. तिच्यावरही भाराचा आकडा कोरलेला असावा. पिन पूर्ण आवळ आणि तारेने शॅकलच्या अंगाला बांध, नाहीतर हिंदकळून ती एकेक आटा सुटत जाते. आता पट्टा फांदीवर स्थिर राहतो आणि हालचाल लोखंडात होते. शॅकलच्या वाकात लोखंडी थिंबल बसवून त्याभोवती दोर घे, म्हणजे दोर लोखंडावर घासत नाही.

आता ती गाठ. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. बंदरावरच्या तांडेलाकडून बोलाइन शिकलो होतो आणि त्याचा मोठा तोरा होता. तुझ्या आईच्या झोक्याला मी तीच मारली, शेपूट चार बोटं ठेवलं. बोलाइन खोटी गाठ नाही. सतत ताण असेल तोवर ती कधी दगा देत नाही. पण झोक्यावर ताण येतो, जातो, पोरं उतरली की दोर सैल लोंबतो, वाऱ्याने हलतो. दर वेळी गाठ केसभर ढिली होते. तिसऱ्या दिवशी दुपारी शेपूट आत सरकलं आणि तुझी आई चिऱ्याच्या पायरीवर पडली. दोर अखंड होता.

म्हणून तू आठाची गाठ मार. गिर्यारोहक स्वतःला दोराला याच गाठीने बांधतात. टोकापासून तीन फूट सोडून दोरात इंग्रजी आठचा आकडा कर, पण आवळू नकोस. मोकळं टोक थिंबलभोवती फिरवून परत आण. मग ते टोक आठाच्या आकड्यातून पहिल्या दोराला चिकटून त्याच वाटेने उलटं ने. गाठ झाली की मोज. शेजारी-शेजारी जाणाऱ्या दोरांच्या पाच जोड्या दिसल्या पाहिजेत. चार दिसल्या तर कुठेतरी वाट चुकली, सोडून पुन्हा कर. शेपूट एक वीत ठेव आणि चारही पदर एकेक ओढून गाठ आवळ.

बसायला दीड इंच जाडीची, दोन फूट लांबीची फळी घे आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं पाड. दोर पुढच्या भोकातून खाली, फळीखालून मागच्या भोकातून वर, आणि वर तीच आठाची गाठ. फळी जमिनीपासून दीड फूट राहू दे. दोराला कुठेही मोकळा फास ठेवू नकोस, त्यात पोराची मान अडकते. पुढे-मागे फांदीच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे चोवीस फूट, मोकळी जागा हवी. चिरे, वृंदावन, भिंत यांतलं काही त्यात येता कामा नये. खाली वाळू किंवा भुसा जाड पसर.

आता परीक्षा. सईला बसवून बघू, ही परीक्षा नव्हे. दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप घे. फळी लावण्याआधी पिंपाखाली दोराची फुली घाल, कमरेला वेढा दे आणि चारही टोकं झोक्याच्या दोन्ही दोरांना बांध. पिंप जमिनीपासून वीतभरच उंच राहू दे. मग लांब उभा राहून नळीने पाणी सोड. पिंप भरलं की पिंपासह भार दोनशेदहा किलोंच्या आसपास जातो, म्हणजे तो मघाचा आकडा. भरण्याआधी फांदीशेजारी एक बांबू रोव आणि त्यावर फांदीच्या खालच्या कडेशी खूण कर. फांदी दोन-चार बोटं वाकेल, ते ठीक. भरल्यावर अर्धा तास थांब. त्या अर्ध्या तासात ती आणखी खाली येत राहिली, कडकड ऐकू आली, किंवा पिंप रिकामं केल्यावर ती परत खुणेशी आली नाही, तर ती फांदी झोक्याची नाही. गाठीची शेपटंही तेव्हाच बघ. ती आखूड झाली असतील तर गाठ पुन्हा घाल. मग फळी लाव, तू स्वतः बस आणि बेताने झुल.

या परीक्षेलाही मर्यादा आहे. पिंप सरळ खाली ओढतं, झोका पुढे-मागेही हिसके देतो. आणि आज टिकलेली फांदी वादळानंतर तीच राहते असं नाही. म्हणून दर आठवड्याला गाठींच्या पाच जोड्या, शॅकलची तार आणि पट्ट्याच्या कडा बघ. कडेला चीर दिसली की पट्टा टाकून दे, शिवायचा नाही. मोठं वादळ झालं तर पुन्हा हातोडी घेऊन फांदी टोकत जा.

दसऱ्याला पट्टे उतरव. झाड वाढतं, पट्टा वाढत नाही, आणि वर्षभर आवळून ठेवला तर सालीत रुततो. उतरवल्यावर फांदीवर वळ उठला आहे का, ते मला लिहून कळव. त्यावरून पुढच्या वर्षी तीच फांदी घ्यायची की दुसरी, ते आपण ठरवू.

तुझा,
मामा