प्रशिक्षणाचा आदेश हातात पडल्यावर

निवडणुकीच्या कामाचा आदेश आला की बहुतेक जण त्यात दोनच गोष्टी पाहतात. आपल्याला केंद्राध्यक्ष केलंय की मतदान अधिकारी, आणि प्रशिक्षण कोणत्या तारखेला आहे. मग कागदाची घडी होते. खालचा बारीक टाइपातला मजकूर कोणी वाचत नाही, कारण तो दर निवडणुकीला तोच असतो असा समज आहे. समज फारसा चुकीचाही नाही. पण हजेरी, गैरहजेरी आणि तारीख बदलून मागणं, तिन्हींचं उत्तर त्याच मजकुरात असतं.

राहनाळमध्ये राहून शिक्षकी करताना असे बरेच आदेश मी स्वीकारले, आणि सहकाऱ्यांचे खुलासे लिहून देण्याचं कामही गळ्यात पडलं. त्यातला एक खुलासा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं आणि पहिलं प्रशिक्षण दिवाळीच्या सुट्टीच्या सुमाराला आलं. आमच्या ओळखीतल्या एका तरुण शिक्षिकेच्या घरी त्याच दिवशी सख्ख्या भावाचा साखरपुडा होता, तोही खानदेशात. आदेश मुख्याध्यापकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवला. तिने लगेच फोन केला. ते म्हणाले, “जा मॅडम तुम्ही, मी सांगतो वर.” ती निर्धास्त गेली. चार दिवसांनी कारणे दाखवा नोटीस आली: प्रशिक्षणास विनापरवानगी गैरहजर, चोवीस तासांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 134 अन्वये कारवाई.

मुख्याध्यापकांचा हेतू वाईट नव्हता. परवानगी देणं त्यांच्या हातातच नव्हतं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत, त्या कामासाठी नेमलेला कर्मचारी कलम 28 अ नुसार निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहे असं मानलं जातं. त्या काळात त्याच्यावर नियंत्रण आयोगाचं आणि शिस्तही आयोगाची. आदेश जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा असतो, तेव्हा सूटही त्यांच्याच यंत्रणेकडून मिळायची. शाळेने मंजूर केलेली किरकोळ रजा या आदेशापुढे चालत नाही. मुख्याध्यापकांचं काम आदेश पोहोचवून तुमची सही घेण्याचं, आणि तुमचा अर्ज शेऱ्यासह पुढे पाठवण्याचं.

कलम 134 ची शिक्षा वाचून लोक हसतात. दंड जास्तीत जास्त 500 रुपये. पण गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट नोंदवू शकतात, आणि सरकारी नोकराला गुन्हा नोंद होणं पाचशे रुपयांपेक्षा पुष्कळ महाग पडतं. शिवाय 28 अ मुळे निलंबन आणि खातेनिहाय चौकशीची वाट वेगळी मोकळी असतेच. दुसरीकडे याच कलम 134 मध्ये दोन शब्द कर्मचाऱ्याच्या बाजूचे आहेत. कर्तव्यात कसूर ‘वाजवी कारणाशिवाय’ झाली तरच तो गुन्हा. सगळा खुलासा या दोन शब्दांवर उभा राहतो. कारण वाजवी होतं, आणि ते प्रशिक्षणाच्या आधी लेखी कळवलं होतं, एवढं दाखवता आलं की बहुधा प्रकरण तिथेच मिटतं. आमच्या मॅडमकडे कारण होतं, कागद मात्र नव्हता. फोनवरचं बोलणं कोण शाबीत करणार?

बीएलओचं काम करणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. मतदार यादीचं काम 1950 च्या कायद्याखाली येतं आणि त्याच्या कलम 32 मध्ये किमान तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. तिथे पाचशे रुपयांचा विनोद करू नये.

आणखी एक युक्तिवाद शिक्षकांच्या खोलीत दरवेळी ऐकू येतो: शिक्षण हक्क कायद्याने अशैक्षणिक कामं बंद केली आहेत ना? केली आहेत, पण 2009 च्या त्याच कायद्याच्या कलम 27 मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. खुलाशात हे कलम टाकलं तर उलटतं.

आता तारीख बदलून मागण्याबद्दल. आधी हे समजून घ्यावं की काय बदलू शकतं आणि काय नाही. कर्मचाऱ्यांची निवड संगणकावर सरमिसळ करून होते, तीन टप्प्यांत. पहिल्या सरमिसळीत गरजेपेक्षा जास्त नावं निघतात आणि पद ठरतं. म्हणून पहिल्या आदेशावर मतदारसंघ लिहिलेला नसतो. दुसऱ्या सरमिसळीत पथक बनतं आणि मतदारसंघ ठरतो. ठाणे जिल्ह्यात विधानसभेचे 18 मतदारसंघ आहेत, तेव्हा राहनाळच्या माणसाला मुरबाडही येऊ शकतं आणि मीरा-भाईंदरही. केंद्र कोणतं, हे तिसऱ्या सरमिसळीत, साहित्य घेऊन निघायच्या आधी कळतं. या रचनेमुळे ‘माझ्याऐवजी पाटील सर जातील’ हा तोडगा चालत नाही. पाटील सर तुमच्या नावापुढे सही करून आले तर दोघेही अडचणीत. पण पहिलं प्रशिक्षण एकाहून अधिक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत असतं. त्यामुळे माणूस तोच आणि पद तेच ठेवून फक्त सत्र बदलून मागितलं, तर यंत्रणेचं काही बिघडत नाही. सूट मागणाऱ्याकडे संशयाने पाहतात. सत्र बदलून मागणाऱ्याकडे, माझ्या अनुभवात, सहसा नाही.

तेव्हा आदेशावरची दुसरी सत्रं कोणती हे आधी विचारून घ्यावं आणि अर्जात नेमकं सत्र मागावं. मॅडमनी आदेश मिळाला त्याच दिवशी काय लिहायला हवं होतं, ते मी नंतर लिहून दाखवलं:

“माझी मतदान अधिकारी क्र. 1 म्हणून नियुक्ती झाली असून आदेश मला आज प्राप्त झाला आहे. प्रथम प्रशिक्षणाच्या दिवशी माझ्या सख्ख्या भावाचा साखरपुडा परजिल्ह्यात असल्याने त्या सत्रास उपस्थित राहणे शक्य नाही. निवडणूक कर्तव्यातून सूट मागत नसून, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या सत्रास मला उपस्थित राहू द्यावे, ही विनंती. सोबत आदेशाची प्रत व निमंत्रणपत्रिका जोडली आहे.”

अर्ज जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या नावे, मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या नोडल अधिकाऱ्यांमार्फत. आदेशावरचा कर्मचारी क्रमांक वर ठळक लिहावा, कारण तिथे माणसं नावाने सापडत नाहीत. दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. ही पोहोच म्हणजेच तुमचं ‘वाजवी कारण’. शिक्का मिळाला म्हणजे अर्ज मंजूर झाला असं मात्र नव्हे. मंजुरी लेखी आली नाही तर मूळ तारखेलाच हजर राहायचं, हे गृहीत धरून चालावं. साखरपुडा हे कारण ऐच्छिक आहे, ते नाकारलं जाऊ शकतं. आजारपण वेगळं, पण त्यातही खासगी डॉक्टरची चिठ्ठी बहुधा पुरत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांचं किंवा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र मागतात, आणि ते मिळायला वेळ लागतो. गरोदर बाई, तान्हं मूल असलेली आई, नवरा-बायको दोघांनाही आलेला आदेश, यांनी सत्र बदलून नव्हे, थेट सूटच मागावी, आणि तीही प्रशिक्षणाच्या आधी.

खुलाशाचं काय झालं? मॅडमनी खरं तेच लिहिलं: गैरसमजाने तोंडी परवानगी पुरेशी धरली, कर्तव्य टाळण्याचा हेतू नव्हता, पुढच्या सत्रास हजर राहते. निमंत्रणपत्रिका आणि रेल्वेचं तिकीट जोडलं. मुख्याध्यापकांनी आपला फोन झाल्याचं लेखी दिलं, हे त्यांचं मोठेपण. राहून गेलेल्यांसाठी ठेवलेल्या सत्राला ती गेली आणि लेखी समज देऊन प्रकरण बंद झालं.

उशिरा जाणं हीही एक प्रकारची गैरहजेरीच. हजेरीपट सुरुवातीला फिरतो, आणि मी पाहिलंय, सत्र संपतानाही दुसरी सही घेतात. राहनाळहून ठाण्याकडे जायचं म्हणजे काल्हेर, कशेळी, बाळकूम असा रस्ता. गोदामांचे कंटेनर आणि मेट्रोचं काम यांत तो कधी अडेल सांगता येत नाही, आणि भिवंडी रोड स्टेशनवरून गाड्या मोजक्याच. ‘अंजूर फाट्याला ट्रॅफिक होता’ हे वाक्य खुलाशात मी कोणालाच लिहू देत नाही. तो तिथे रोजच असतो, हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं.

प्रशिक्षण चुकल्याचं नुकसान नोटिशीत संपत नाही. मतदानाआधी अभिरूप मतदान घ्यायचं असतं, किमान 50 मतांचं, प्रत्यक्ष मतदान सुरू होण्याच्या नव्वद मिनिटं आधी. ते झालं की कंट्रोल युनिटवर आधी क्लोज, मग रिझल्ट, मग क्लिअर, याच क्रमाने बटणं दाबायची, आणि टोटल दाबून शून्य दिसतंय ते एजंटांना दाखवायचं. व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून प्रत्येकीच्या पाठीवर शिक्का मारायचा, मग काळ्या पाकिटात सीलबंद. पहाटे, चार पक्षांचे प्रतिनिधी डोक्यावर उभे असताना क्लिअर राहून गेलं, तर ती 50 मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि मतमोजणीला 17 क नमुन्यातली बेरीज यंत्राशी जुळत नाही. पुस्तिकेत हे सगळं छापलेलं असतं. पण क्लोजचं बटण रबरी टोपीखाली असतं, ते बोटाने एकदा शोधलेलं बरं.

आणि स्वतःचं मत. विधानसभेला आपल्या मतदारसंघाबाहेर काम आलं की टपाली मतदानाचा नमुना 12 भरावा लागतो, साधारणपणे मतदानाच्या किमान सात दिवस आधी. लोकसभेला काम आपल्याच मतदारसंघात असेल तर नमुना 12 अ, किमान चार दिवस आधी; त्यावर 12 ब हे प्रमाणपत्र मिळतं आणि जिथे कामाला असाल तिथेच मत देता येतं. हे फॉर्म बहुधा प्रशिक्षणातच वाटतात आणि तिथेच गोळा करतात. 2023 पासून कर्मचाऱ्यांचं टपाली मत सुविधा केंद्रात जाऊनच द्यायचं आहे, पोस्टाने घरी मागवायचा मार्ग बंद झाला. म्हणून सत्राला जाताना आदेशासोबत मतदार ओळखपत्राची प्रत आणि यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक लिहिलेला कागद न्यावा. भाग क्रमांक पाठ नसतो, आणि फॉर्म त्याच्यावाचून अडतो.