ज्याचा मित्र, त्यानंच सांगायचं

माझ्या आत्याच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात आतोबांच्या मित्रांचा रोज राबता असे. त्यातले एक गृहस्थ चहाला नावं ठेवायचे, तेही आत्याच्या तोंडावर. आत्या त्यांना कधी उलटून बोलली नाही आणि त्यांना घरी आणू नका असंही आतोबांना म्हणाली नाही. ती एवढंच म्हणाली की पाहुणा तुमचा आहे, तेव्हा त्याला तुम्हीच सांगायचं. आतोबांनी सांगितलं. गृहस्थ येत राहिले, नावं ठेवणं थांबलं. मला माझ्या संसारात आणि पुढं घरातल्या पोरीसुनांना सल्ला देताना याच रीतीचा सगळ्यांत जास्त उपयोग झाला. फक्त आता माणसं बदललीत, त्यामुळे ती थोडी उलगडून सांगावी लागते.

माझी भाची अमरावतीत वाढली. लग्न होऊन कर्वेनगरला आली, बँकेत नोकरी करते. तिच्या नवऱ्याचा एक कॉलेजचा जिवलग मित्र आहे. दोघं पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत एकत्र होते. पुण्याबाहेरच्यांना कदाचित कळणार नाही, पण १९६३ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर एकदा एकत्र उभी राहिलेली पोरं जन्मभर एकमेकांना सोडत नाहीत. तालमींच्या रात्री, उधारीचा चहा, हरल्यावरचं रडणं, हे सगळं त्या मैत्रीत असतं. ती मैत्री तोडायला सांगणं म्हणजे नवऱ्याला त्याचं अर्धं तारुण्य टाकून दे म्हणणं.

हा मित्र घरी आला की भाचीच्या बोलण्याची नक्कल करायचा. दारातच, ‘काय वहिनी, काय करून राहिल्या?’ ती बँकेतलं काही सांगायला लागली की मध्येच, ‘आता हेच मराठीत सांगा.’ सगळे हसायचे, नवराही हसायचा. हळूहळू ती चारचौघांत बोलेनाशी झाली. माणूस स्वतःच्याच घरात तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात तपासायला लागला, की हा गमतीचा मामला राहिलेला नसतो. दुखणं खरं आहे की आपणच फार मनावर घेतोय, हे ओळखायची माझी खूण हीच. मित्र नुसता आवडत नसेल, मोठ्यानं बोलत असेल, उशिरापर्यंत बसत असेल, तर ते सोसण्याचं किंवा वेळ ठरवून घेण्याचं काम. तो तुमच्या अंगावर येऊन बोलत असेल आणि त्यापायी तुम्ही बदलत असाल, तर मात्र बोलायलाच हवं.

तिनं एकदा बोलून पाहिलं होतं. पार्टीहून परतताना, रात्री साडेअकराला, स्कूटरवर मागे बसून. ‘तुझे मित्र नेहमी असेच असतात, आणि तू तर काही बोलतच नाहीस.’ तो म्हणाला, ‘मग काय, मैत्री तोडू का?’ त्यावर दोन दिवस अबोला. तिनं तोडायचं नावही काढलं नव्हतं, तरी त्याला तेच ऐकू आलं. ‘तुझे मित्र’ म्हटलं की सगळे आले, ‘नेहमी’ म्हटलं की सगळी वर्षं आली, आणि एवढ्या सगळ्यावर माणसाला एकच उपाय सुचतो, तोडण्याचा. तो उपाय नको असतो, म्हणून तो भांडायला उभा राहतो.

म्हणून आधी कागद घे, असं मी तिला सांगितलं. त्यावर फक्त दोन प्रसंग लिही, अलीकडचे. कोण होतं, तो नेमकं काय बोलला, त्यावर तू काय केलंस. ‘उद्धट’, ‘गावंढळ समजतो’, ‘पुणेरी माज’ असले शब्द लिहायचे नाहीत, कारण ते तुझे निकाल आहेत आणि निकालावर नवरा वकिली करणार. ‘आता हेच मराठीत सांगा’ हे मात्र त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलंय, ते नाकारता येत नाही.

मग जागा आणि वेळ. सासू-सासरे घरात असताना बंद दाराआड कुजबुजायचं नाही, नाहीतर संध्याकाळपर्यंत घरात चार अर्थ निघतात. मित्र येणार असेल त्या दिवशी तर मुळीच नाही. पुण्यात याला टेकडीसारखी जागा नाही. सकाळी तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर चालायला जावं. शेजारी शेजारी चालताना तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे पुरुष माणूस जरा मोकळा होतो, आणि मध्ये गप्प राहिलं तरी अवघडत नाही.

पहिल्या वाक्याला मी फार जपते. अमेरिकेत जॉन गॉटमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी सिबिल कारेर यांच्यासोबत १२४ नवविवाहित जोडप्यांना एका वादाच्या विषयावर बोलायला बसवलं आणि पुढं सहा वर्षं त्यांचा माग ठेवला. १९९९ मध्ये त्यांनी मांडलं की बोलण्याच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनही पुढं कोण विभक्त होईल याचा अंदाज बांधता येतो. ते वाचलं तेव्हा मला आत्या आठवली. ती आतोबांशी कधीच तक्रारीनं सुरुवात करत नसे.

भाचीसाठी आम्ही मिळून बसवलेलं बोलणं असं होतं: ‘तुझी त्याच्याशी मैत्री मला हवी आहे, ती तोड असं मी आज म्हणणार नाही आणि उद्याही नाही. पण गेल्या रविवारी सगळ्यांसमोर तो म्हणाला, आता हेच मराठीत सांगा. तू हसलास. मी नंतर एक शब्द बोलले नाही, तुझ्या लक्षात आलं का? मला आता तो आला की बोलायची भीती वाटते. त्यानं माझ्या बोलण्याची नक्कल करणं थांबायला हवं, आणि ते त्याला तू सांगावंस असं मला वाटतं.’ मैत्रीबद्दलचं वाक्य आधी यायलाच हवं. ते शेवटी आलं तर तोवर नवऱ्याचं ऐकणं बंद झालेलं असतं. आणि मागणी एकच. त्याच दमात तो उशिरा येतो, चपला कुठंही टाकतो हे काढलं की मूळची गोष्ट त्यात बुडून जाते.

यावर काय उत्तरं येतात ती ठरलेली आहेत. ‘त्याच्या मनात तसं काही नसतं.’ याला विरोध करू नये. ‘नसेलही. मनात नसेल तर थांबवायला त्याला सोपंच जाईल.’ ‘तो सगळ्यांचीच खेचतो.’ ‘बाकीच्यांना चालत असेल, मला चालत नाही.’ ‘मग तूच सांग ना त्याला.’ इथं ठाम राहायचं. बायकोनं सांगितलं की मित्र ते तिच्या चिडण्यावर नेतो, पुढच्या खेपेला ‘जपून बोला रे, वहिनी रागावतात’ असा नवा विनोद तयार होतो. मैत्रीच्या जोरावर तो या घरात येतो, तेव्हा मर्यादा सांगायचा हक्क आणि जबाबदारी नवऱ्याचीच.

नवऱ्यानं कसं सांगावं, यातच बहुतेकांचं चुकतं. भाचीच्या नवऱ्यानं पहिल्यांदा फोनवर सांगितलं, ‘अरे, हिला वाईट वाटतं, जरा बघ.’ झालं, दोष तिच्या हळवेपणावर गेला. मित्रानं ‘सांग तिला, गंमत करतो मी’ म्हणून विषय उडवून लावला. मी जावईबापूंना चहाला बोलावलं आणि म्हटलं, मधला ‘हिला’ काढून टाका. ‘माझ्या बायकोच्या बोलण्याची नक्कल केलेली मला चालणार नाही’ असं म्हणा. तेही फोनवर नाही, मेसेजवर तर नाहीच; दोघंच असताना, समोरासमोर, आणि एवढं सांगून झालं की दुसऱ्या विषयाकडे वळायचं. मित्राला सगळ्यांसमोर झापलं तर तो मान राखण्यासाठी अडून बसतो.

पुढं दोघांनी मिळून एक गोष्ट ठरवून ठेवायची: तो पुन्हा बोललाच तर काय? कारण सवय एका सांगण्यात जात नाही, एकदा तरी तोंडून निघतंच. भाचीच्या घरी ठरलं की नवऱ्यानं हसायचं नाही, ‘ए, ते नको’ एवढंच म्हणायचं आणि तिला विचारायचं, ‘हं, तू बँकेचं काय सांगत होतीस?’ तिचं वाक्य तिला परत मिळणं महत्त्वाचं. आणि नवरा काहीच बोलला नाही तर ती शांतपणे उठून आत जाईल, हे तिनं त्याला आधीच सांगून ठेवलं. ‘तू त्याच्याकडे जायचं नाहीस’ ही बंदी झाली, ‘मी तिथं बसणार नाही’ हे स्वतःपुरतं झालं. पहिल्यात नवऱ्याला मैत्रीवर घाला दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही. अर्थात ही धमकी नव्हे. म्हटलं तर उठायचंच, आणि उठल्यावर आत भांडी आपटायची नाहीत.

नवऱ्याच्या जागी बायको आणि तिची मैत्रीण असली तरी रीत हीच. माझ्या ओळखीतला एक मुलगा बायकोच्या मैत्रिणीकडून त्याच्या पगारावरचे टोमणे कितीतरी दिवस गिळत होता, कारण पुरुषानं असल्या गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नाहीत असं त्याला वाटायचं. त्यालाही मी कागद-पेनच घ्यायला लावलं.

जिथं ही रीत चालत नाही ती जागाही ओळखायला हवी. मित्र अंगचटीला येत असेल, रात्री-बेरात्री मेसेज पाठवत असेल, घाणेरडं बोलत असेल, तर टेकडीवरच्या सकाळची वाट पाहू नका. जोडीदाराला त्याच दिवशी सांगा, मेसेज पुसू नका. भीती वाटत असेल तर महिलांसाठीचा १८१ आणि पोलिसांचा ११२ हे नंबर आहेत. आणि सांगूनही जोडीदार मित्राच्या टोमण्यांना स्वतःच भर घालत असेल, तर दुखणं मित्राचं नाही, जोडीदाराचं आहे. त्यासाठी समुपदेशकाकडे दोघांनी जावं.

नवऱ्यानं समोरासमोर सांगितल्यावर भाचीकडे तो मित्र दीड-दोन महिने फिरकला नाही. ती घाबरली, म्हणाली, ‘आत्या, माझ्यामुळे यांची मैत्री गेली.’ मी म्हटलं, त्यांना बाहेर भेटू दे, तू विचारूही नकोस काय बोलणं झालं. रोज चौकशी केली की नवऱ्याला वाटतं आपण परीक्षेला बसलोय. गणपतीत तो आला. आल्या आल्या ‘काय वहिनी, काय करून...’ इथवर गेला आणि स्वतःच थांबला. माफी मागितली नाही, आणि मी भाचीला ती मागायला लावलीही नसती. चारचौघांत वदवून घेतलेली माफी पुढच्या टोमण्याची सोय करून ठेवते. तिनं मोदक दिला आणि त्याच्या नव्या एकांकिकेचं विचारलं, दिग्दर्शन कोण करतंय, तालीम कुठं चालते. तो उत्साहानं सांगत बसला. मग ती तिच्या शाखेतल्या एका आजोबांचा किस्सा सांगायला लागली, तिच्याच बोलीत, आणि नवऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.