राउटरमधील तीन सोयी आणि त्या बंद करण्याची वेळ

वायफाय ६ पिढीच्या राउटरमध्ये, म्हणजे २०१९च्या अखेरीपासून बाजारात रुळलेल्या आणि ८०२.११एएक्स या मानकावर चालणाऱ्या उपकरणांमध्ये, बीमफॉर्मिंग, एमयू-मायमो आणि ओएफडीएमए अशा तीन सोयी बहुधा आधीपासूनच चालू असतात, आणि घरातील एखादे यंत्र अडखळू लागले की तिन्ही एकदम बंद करून पाहण्याचा सल्ला मिळतो. या सल्ल्याने पुष्कळदा तक्रार मिटतेही, आणि नेमक्या त्याच कारणाने तो फसवा ठरतो. कारण दोष तिघींपैकी एकीत असतो आणि उरलेल्या दोघींपासून मिळणारा लाभ मात्र विनाकारण सोडून द्यावा लागतो. त्यामुळे काय बंद करावे हे ठरवण्यापूर्वी प्रत्येक सोय नेमके कोणते काम करते हे वेगवेगळे पाहणे आवश्यक आहे.

बीमफॉर्मिंगमध्ये राउटर आपल्या अनेक अँटेनांवरून एकच संदेश पाठवतो, परंतु प्रत्येक अँटेनावरील लहरीच्या चढउताराचा क्षण असा किंचित मागेपुढे ठेवतो की त्या सर्व लहरी एका विशिष्ट यंत्रापाशी पोहोचताना एकमेकींना बळ देतात. हा फरक किती ठेवावा हे कळण्यासाठी राउटर आधी एक चाचणी-संकेत पाठवतो आणि समोरचे यंत्र तो कसा मिळाला याचा संक्षिप्त अहवाल परत करते, २०१३च्या ८०२.११एसी मानकापासून हीच उघड पद्धत एकमेव म्हणून स्वीकारली गेली आहे. तिचा फायदा मध्यम अंतरावर, एकदोन भिंतींपलीकडे जाणवतो; राउटरच्या शेजारी बसलेल्याला तिची गरज नसते. घरातील सर्वांना उद्देशून सतत दिली जाणारी राउटरची ओळखघोषणा कोणा एकाकडे वळवता येत नसल्याने, फार दूरच्या खोलीत जाळे दिसतच नसेल तर बीमफॉर्मिंगने ते दिसू लागत नाही.

काही राउटरांत याच्या जोडीला `Implicit Beamforming` किंवा `Universal Beamforming` अशा नावाची दुसरी कळ असते. अहवाल देऊ न शकणाऱ्या जुन्या यंत्रांसाठी ती आहे: त्या यंत्राकडून आलेल्या लहरींवरूनच राउटर जाण्याच्या वाटेचा अंदाज बांधतो. हा अंदाज खरा ठरण्यासाठी राउटरमधील पाठवणारे आणि घेणारे परिपथ एकमेकांशी काटेकोर जुळवलेले असावे लागतात, आणि तसे ते नसतील तर लहरी भलतीकडेच एकवटतात. स्मार्ट प्लग, जुना प्रिंटर किंवा एकच अँटेना असलेला कॅमेरा मधूनमधून जाळ्यावरून गळत असेल, तर ही दुसरी कळ सर्वांत आधी बंद करून पाहावी. पहिली उघड पद्धतीची कळ मात्र सहसा हलवू नये.

एमयू-मायमोविषयी थोडक्यात सांगता येते. बीमफॉर्मिंगचाच विस्तार करून राउटर एकाच क्षणी वेगवेगळ्या यंत्रांकडे वेगवेगळा मजकूर धाडतो, ८०२.११एसी मानकात ही संख्या चारपर्यंत आणि ८०२.११एएक्समध्ये आठपर्यंत आहे. परंतु त्यासाठी ती यंत्रे अवकाशात पुरेशी वेगळी असावी लागतात आणि त्यांचे अहवाल ताजे असावे लागतात. एकाच सोफ्यावर ठेवलेले दोन मोबाइल पहिली अट मोडतात, हातात घेऊन घरभर फिरवला जाणारा मोबाइल दुसरी, आणि मग एकाचा मजकूर दुसऱ्याच्या कानी जाऊन दोघांनाही तो पुन्हा मागवावा लागतो. चारपाच यंत्रांच्या घरात ही सोय चालू ठेवल्याने क्वचितच काही मिळते आणि बंद केल्याने क्वचितच काही जाते, त्यामुळे तिच्यावर फार वेळ खर्च करू नये.

खरा विचार करण्याजोगी सोय ओएफडीएमए ही आहे. पूर्वीच्या वायफायमध्ये हवेतील संपूर्ण पट्टा एका वेळी एकाच यंत्राला मिळे, मग त्याला चार अक्षरे पाठवायची असोत की चित्रपट. ओएफडीएमएमध्ये तोच पट्टा लहान तुकड्यांत विभागला जातो. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे जास्तीत जास्त ९ आणि ८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ३७ तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या यंत्राला एकाच वेळी देता येतो. यामुळे एकट्या यंत्राचा वेग वाढत नाही. अनेक यंत्रांच्या छोट्या छोट्या संदेशांचा खोळंबा कमी होतो. साहजिकच मोबाइलवरील वेगचाचणीच्या आकड्यावरून ही सोय काम करते आहे की नाही, किंवा बिघडली आहे की नाही, हे कधीच ठरवता येत नाही.

राउटरकडून यंत्रांकडे जाणारी वाट, जिला राउटरच्या पडद्यावर `DL` म्हटलेले असते, तुलनेने सोपी आहे, कारण वाटणी करणारा आणि बोलणारा एकच असतो. यंत्रांकडून राउटरकडे येणारी वाट, म्हणजे `UL`, अवघड आहे. येथे राउटर आधी एक इशारा देतो आणि त्या इशाऱ्यात नाव घेतलेली सर्व यंत्रे, भजनातील टाळकरी समेवर येतात तशी, एकदम बोलू लागतात. त्यांचे बोलणे सुरू होण्याच्या क्षणात ०.४ मायक्रोसेकंदाहून अधिक चूक मानकाला मान्य नाही, आणि आवाजाची पातळीही राउटर सांगेल तितकीच राखावी लागते. शिवाय या पद्धतीने एकदा मजकूर पाठवल्यावर ते यंत्र काही काळ स्वतःहून हवा मागण्याचा आग्रह कमी करते, किंवा राउटरने तसे ठरवले असेल तर पूर्णपणे सोडते, आणि पुढच्या इशाऱ्याची वाट पाहते. हा काळ राउटरच ८.१९२ मिलिसेकंदांच्या पटीत ठरवून देतो. इशारे वेळेवर आले तर हे उत्तम चालते. राउटरच्या फर्मवेअरने इशारा देण्यात हयगय केली, किंवा यंत्राच्या ड्रायव्हरने तो नीट ओळखला नाही, तर पाठवायचा मजकूर यंत्रातच अडकून राहतो, आणि वापरणाऱ्याला मात्र पूर्ण पट्ट्या व उत्तम वेग दिसत राहतो.

हा दोष प्रत्यक्षात कसा दिसतो याचे एक उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. तीन खोल्यांच्या एका सदनिकेत दिवाणखान्यात राउटर, लगतच्या खोलीत कार्यालयीन कामाचा लॅपटॉप आणि टोकाच्या शयनगृहात टीव्ही अशी मांडणी होती. व्हिडिओ बैठकीत लॅपटॉपवाल्याला इतरांचे बोलणे स्वच्छ ऐकू येई, पण त्याचा स्वतःचा आवाज पलीकडे तुटत जाई, आणि हे प्रामुख्याने घरातील एखादा नवा मोबाइल छायाचित्रे वर चढवत असतानाच घडे. येणारे ठीक आणि जाणारे तुटक ही खूण महत्त्वाची होती. तरीही घरी आलेल्या तंत्रज्ञाने तिन्ही सोयी एकदम बंद केल्या. आवाज सुधारला, पण त्याच संध्याकाळी शयनगृहातील टीव्ही थांबत थांबत चालू लागला, कारण दोन भिंतींपलीकडे त्याला आधार देणारे बीमफॉर्मिंगही गेले होते.

त्यानंतर तपासणी शिस्तीने झाली. सर्व कळा पुन्हा चालू करून, मोबाइलवरून छायाचित्रे चढत असताना, लॅपटॉपवर पुढील आज्ञा देण्यात आली. यातील पत्ता घरच्या राउटरचा आहे, इंटरनेटवरील कोणा सेवेचा नाही, कारण तपासायची होती ती केवळ घरातली हवा.

```
ping -n 300 192.168.1.1
```

निकोप जाळ्यात याची उत्तरे बहुतेक २ ते ५ मिलिसेकंदांत येतात आणि एखादेच वर जाते. येथे मात्र उत्तरे काही वेळ ३-४ मिलिसेकंदांत येत, मग सलग चारपाच उत्तरे २०० ते ४०० मिलिसेकंदांपर्यंत रेंगाळत आणि पुन्हा पूर्ववत होत. वीज वाचवण्यासाठी लॅपटॉपचे वायफाय डुलकी घेते तेव्हाही असाच आकृतिबंध दिसू शकतो, म्हणून चाचणीच्या वेळी लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवला होता. नंतर एका वेळी एकच बदल करण्यात आला. बीमफॉर्मिंग बंद केल्याने फरक पडला नाही. ते परत चालू केले. एमयू-मायमो बंद केल्यानेही नाही. `DL/UL OFDMA` ऐवजी `DL OFDMA only` हा पर्याय निवडताच रेंगाळणाऱ्या उत्तरांचे घोस नाहीसे झाले. काही काळाने लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचा नवा ड्रायव्हर बसवल्यावर दोन्ही वाटा पुन्हा चालू करून पाहिल्या, तेव्हाही उत्तरे स्वच्छ आली; दोष लॅपटॉपच्या बाजूचा होता हे तेव्हा स्पष्ट झाले.

या क्रमात एक पथ्य विसरू नये: प्रत्येक बदलानंतर राउटर आपले वायफाय पुन्हा सुरू करतो आणि सर्व यंत्रे नव्याने जोडली जातात, त्यामुळे पहिली काही मिनिटे मोजू नयेत. लॅपटॉप खरोखर नव्या पिढीच्या जोडणीवर आहे का हे विंडोजमध्ये `netsh wlan show interfaces` या आज्ञेने पाहता येते; `Radio type` या ओळीत `802.11ac` किंवा `802.11n` दिसत असेल तर ते यंत्र ओएफडीएमएमध्ये भागच घेत नाही, आणि त्याच्या दुखण्याचे मूळ अन्यत्र शोधावे. राउटरपर्यंतची उत्तरे स्वच्छ येत असूनही बैठक तुटत असेल, तर अडथळा घराबाहेर जाणाऱ्या जोडणीत आहे आणि वायफायच्या कोणत्याही कळेने तो जाणार नाही.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर निर्णय सोपा आहे. तेथे बहुतेक घरांत प्लग, दिवे आणि प्रिंटर अशी ८०२.११एन किंवा त्याहून जुन्या मानकाची यंत्रे असतात, ज्यांना ओएफडीएमए कळतच नाही; राउटर दोन्ही पट्ट्यांसाठी स्वतंत्र कळा देत असेल तर या पट्ट्यावरची कळ बंद ठेवल्याने सहसा काही गमावले जात नाही. मात्र नवा प्लग जाळ्याशी अजिबात जोडलाच जात नसेल, तर पुष्कळदा कारण डब्ल्यूपीए३ सुरक्षा किंवा दोन्ही पट्ट्यांना दिलेले एकच नाव हे असते. काही जुन्या लॅपटॉपांना जाळे यादीत दिसतच नाही, त्यामागे ८०२.११एएक्सची ओळखघोषणा न समजणारा जुना ड्रायव्हर असतो. त्यावर उपाय ड्रायव्हर नवा करणे हाच, आणि तो मिळत नसेल तर त्या पट्ट्यावर ८०२.११एएक्स पद्धतच बंद करणे.

सेवा पुरवणाऱ्या कंपनीने दिलेल्या काही राउटरांत या कळा ग्राहकाला दिसतच नाहीत. तेथे वरील चाचणीच्या उत्तरांची नोंद आणि जाणारी बाजू अडते की येणारी, एवढे दोन तपशील तक्रारीत लिहून द्यावेत. ज्यांना कळा दिसतात त्यांनी आधी `UL` बंद करून पाहावे, उघड पद्धतीच्या बीमफॉर्मिंगला हात सर्वांत शेवटी लावावा, आणि राउटरचे फर्मवेअर किंवा यंत्राचा ड्रायव्हर नवा झाला की बंद केलेली कळ एकदा पुन्हा चालू करून तपासावी.