कागदावर गाव वसवताना

अ‍ॅनिमेशन मालिकेतील गाव कोठेच नसते. ते चित्रकाराने वसवलेले असते. तरीही दहाव्या भागात एखाद्या घरामागची विहीर अचानक घरापुढे आली, तर शाळकरी प्रेक्षकाच्याही ते चटकन लक्षात येते. असे होऊ नये म्हणून पार्श्वभूमीचे पहिले चित्र काढण्याआधी तीन गोष्टी हाताशी ठेवतात : छायाचित्रे, गावाचा नकाशा आणि यथादर्शनाचे गणित. रत्नागिरीकडील किनाऱ्यावरचे एक काल्पनिक गाव घेऊन हे काम कसे चालते ते पाहू.

प्रथम छायाचित्रे. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती कौले, पुढे पडवी, अंगणात तुळशीवृंदावन, कडेला दगडी गडगा आणि उतारावरून जाणारी पायऱ्यांची पाखाडी हे सारे छायाचित्रांतून टिपावे. प्रत्येक वस्तूशेजारी एक मीटर लांबीची काठी उभी करून छायाचित्र घेतले, म्हणजे जोत्याची किंवा दाराची उंची नंतर मोजता येते. ऋतूची नोंदही हवी. मे महिन्यात तांबडी दिसणारी जांभ्याची भिंत पावसाळ्यात शेवाळ धरून काळपट-हिरवी होते. दोन्ही ऋतूंची छायाचित्रे एकाच दृश्यात मिसळली, की गाव खोटे वाटू लागते.

मात्र छायाचित्रातील घर जसेच्या तसे उचलून चित्रात बसवता येत नाही. तीन मीटरांवरून टिपलेल्या घराच्या पागोळीची आणि जोत्याची रेषा झपाट्याने जवळ येतात. तेच घर तीस मीटरांवरून टिपले तर त्या जवळजवळ समांतर दिसतात. या दोन रेषा वाढवून त्या कोठे मिळतात ते पाहावे. तो त्यांचा लोपबिंदू. छायाचित्राची क्षितिजरेषा त्यातूनच जाते. दोन छायाचित्रांच्या क्षितिजरेषा जुळत नसतील, तर ती घरे शेजारी शेजारी शोभणार नाहीत. म्हणून छायाचित्रातून वस्तूचे माप, रंग आणि पोत घ्यावा. तिची जागा नकाशावरून ठरवावी.

आता आलेखाच्या कागदावर १ सेंमी = ५ मीटर या प्रमाणाने नकाशा काढा. उत्तर दिशा दाखवा. समुद्र पश्चिमेला आहे आणि पाखाडी पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरते. पाखाडीच्या उत्तरेला विहीर आहे. समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यास विहीर उजव्या हाताला येईल; तेथून पुढे जाऊन परत फिरणाऱ्या मुलाला ती डाव्या हाताला दिसली पाहिजे. संध्याकाळी समुद्राकडे पाहणाऱ्या दृश्यात सूर्य समोर असल्याने सावल्या आपल्याकडे येतील. हे सारे नकाशाच सांगतो.

नकाशावरून चित्र कसे निघते? समजा कॅमेरा जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर असून सरळ समोर पाहतो आहे. दहा मीटर अंतरावरचा १ मीटर आपण कागदावर २ सेंमी दाखवू. अंतर दुप्पट झाले की आकार निम्मा होतो. म्हणून वीस मीटरांवर १ मीटर १ सेंमीचा होईल. घराचा आढा ४.५ मीटर उंच धरा. सपाट जमिनीवर दहा मीटरांवरील घराचा पाया क्षितिजरेषेखाली ३ सेंमी आणि आढा रेषेवर ६ सेंमी येईल. वीस मीटरांवर हीच मापे १.५ आणि ३ सेंमी होतील. दोन्ही घरांना क्षितिजरेषा एक-तृतीयांश उंचीवरच छेदते. १.५ मीटर उंचीच्या माणसाचे डोके तर जवळ असो वा दूर, नेमके याच रेषेवर राहते. चित्र तपासण्याची ही सोपी खूण आहे.

परंतु ही खूण सपाट जमिनीपुरतीच खरी, आणि आपले गाव तर उतारावर आहे. वीस मीटरांवरील जमीन तीन मीटर खाली आहे असे समजा. तेथील घराचा पाया आपल्या डोळ्यापासून ४.५ मीटर खाली, म्हणजे कागदावर क्षितिजरेषेखाली ४.५ सेंमी येतो. घर ४.५ मीटरच उंच असल्याने त्याचा आढा बरोबर क्षितिजरेषेला टेकतो आणि घराचे छप्परच प्रामुख्याने दिसते. उतार दाखवण्यासाठी पुष्कळ जण क्षितिजरेषाच वरखाली करतात. ते चूक आहे. क्षितिजरेषा डोळ्याच्या उंचीवर स्थिर असते; बदलते ती जमीन. म्हणून नकाशात प्रत्येक घराशेजारी तेथील जमिनीची उंची लिहिलीच पाहिजे.

आता तुम्ही करून पाहा. चाळीस मीटरांवर, सहा मीटर खाली, तेवढेच उंच घर आहे. त्याचा आढा क्षितिजरेषेच्या वर येईल की खाली, आणि किती?

(उत्तर : खाली, १.५ सेंमी.)