नोकरी सोडताना मिळणारे दोन कागद

व्यावहारिक मराठीच्या तासाला आपण नोकरीसाठी अर्ज कसा करावा हे शिकतो. अर्जाचा मायना, विषय, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, हे सारे आपल्या वहीत आहे. परंतु तीच नोकरी पाच-सहा वर्षांनी सोडताना मालकाने कोणता कागद द्यावा आणि तो कसा लिहावा, याविषयी वहीत काही सापडत नाही. मलाही त्याची गरज वाटली नव्हती. ती वाटली गेल्या राखीपौर्णिमेला, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये.

माझा मोठा चुलतभाऊ पुण्याकडे एका लहान कारखान्यात सीएनसी लेथवर कामाला होता. त्याला चाकणला दुसरीकडे काम मिळाले होते. जुन्या मालकाने राजीनामा घेतला आणि सांगितले, "रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला तूच लिहून आण, मी सही-शिक्का करतो." लहान कारखान्यांत लिखापढीला वेगळा माणूस नसतो, त्यामुळे असे सर्रास चालते. दादा राखीला गावी आला तो हे काम घेऊनच. "अगं, तू कॉलेजात शिकतीस, तूच लिही की," म्हणाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. नाही म्हणण्याची सोय नव्हती.

मी शाळा सोडल्याचा दाखला डोळ्यांपुढे ठेवला आणि एकाच कागदावर सर्व लिहून काढले. 'हे दि. ३ जून २०१९ ते ३१ ऑगस्ट २०२५ अशी साडेसहा वर्षे आमच्याकडे नोकरीस होते. ते अत्यंत प्रामाणिक, होतकरू, आज्ञाधारक व कष्टाळू आहेत. त्यांच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.' वाचायला छान वाटत होते. मालकाने न वाचताच सही केली. चाकणच्या कारखान्यातील कारकुनाने मात्र तो कागद दादाच्या भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकाशेजारी ठेवला आणि परत केला. पंधरा दिवसांची मुदत दिली, एवढेच नशीब.

काय चुकले होते ते पाहण्याआधी हे दोन कागद वेगळे का, ते समजून घेतले पाहिजे. कार्यमुक्ती पत्र हे नोकरी सोडणाऱ्यालाच उद्देशून लिहिलेले पत्र असते. तुमचा राजीनामा मंजूर झाला आणि अमुक दिवशी कामाची वेळ संपल्यापासून तुम्ही मोकळे झालात, एवढे ते सांगते. नव्या मालकाला ते हवे असते, कारण माणूस अजून दुसरीकडे बांधलेला नाही ना, सूचनेचा काळ न भरता पळून आलेला नाही ना, हे त्याला पाहायचे असते. बदली झालेल्या शिक्षकांच्या आदेशात 'मध्यान्होत्तर कार्यमुक्त' असे जे शब्द असतात, त्यांचे काम हेच. अनुभव प्रमाणपत्र मात्र कोणा एकाला उद्देशून नसते. ते कोणाही वाचणाऱ्याला सांगते की हा मनुष्य अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक पदावर, अमुक काम करीत होता. पहिल्याचे काम नवी नोकरी लागली की बहुतेक संपते. दुसरे जन्मभर दाखवावे लागते. मी दोन्ही एकत्र केल्यामुळे राजीनाम्याची तारीख आणि तो मंजूर झाल्याची नोंद या दोन गोष्टी राहूनच गेल्या होत्या.

आता तारखांकडे वळू, कारण खरा घोटाळा तेथे होता.

शेवटची तारीख मी ३१ ऑगस्ट लिहिली, कारण महिना तेव्हा संपतो. दादाने राजीनामा १ ऑगस्टला दिला होता आणि सूचनेचा काळ तो दिवस धरून ३० दिवसांचा होता. म्हणजे शेवटचा दिवस ३० ऑगस्ट. मालकाच्या हिशेबनिसाने निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख ३० हीच भरली होती. एका दिवसाचा फरक आपल्याला क्षुल्लक वाटतो. पण तपासणाऱ्यापुढे दोनच कागद असतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत, एवढेच त्याला दिसते. कोणता खरा हे ठरविणे त्याचे काम नव्हे.

पहिल्या तारखेची गोष्ट अधिक अवघड होती. दादा ३ जून २०१९ रोजी त्या कारखान्याच्या फाटकातून आत गेला हे खरे. पण ३१ मार्च २०२१ पर्यंत तो ठेकेदाराच्या हजेरीपटावर मदतनीस होता. कारखान्याने त्याला स्वतःच्या पटावर यंत्रचालक म्हणून घेतले ते १ एप्रिल २०२१ पासून. यंत्र तेच, छप्पर तेच, मुकादमही तोच. त्यामुळे दादाच्या मनात ती एकच सलग नोकरी होती. पासबुकात मात्र दोन आस्थापनांची नावे होती. निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक माणसाबरोबर फिरतो आणि प्रत्येक मालकाची नोंद त्याखाली वेगळी दिसते. कारकुनाने विचारले, "सहा वर्षं या कंपनीत होता म्हणता, मग पहिली दोन वर्षं पैसे दुसऱ्याच नावानं कसे भरले?" शिवाय माझी साडेसहा वर्षे ही माझ्याच तारखांशी जुळत नव्हती, बेरीज सव्वासहा होते. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की दाखल्यात एकूण वर्षे लिहूच नयेत. दोन तारखा द्याव्यात, बेरीज वाचणारा करील.

दादा चिडला. "मी काय खोटं काम केलं का दोन वर्षं?" त्याचे म्हणणे रास्त होते. परंतु जी चाकरी कारखान्याच्या नावावर नव्हती तिचा दाखला कारखान्याच्या कागदावर घेणे म्हणजे खरे काम खोट्या कागदावर मांडणे. त्या दोन वर्षांचा दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो. कंत्राटी कामगारांसंबंधीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत तशी तरतूदच होती. नियम ७७ प्रमाणे, कोणत्याही कारणाने काम संपले तरी ठेकेदाराने नमुना क्रमांक १५ मध्ये सेवेचा दाखला द्यावयाचा, आणि त्यात कामाचा काळ, कामाचे स्वरूप व मजुरीचा दर लिहावयाचा. आपल्या भागातून जाणारी कितीतरी मुले ठेकेदाराकडेच लागतात आणि हा दाखला कोणी मागत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मग आम्ही दोन्ही कागद नव्याने लिहिले. नावाच्या जागी येथे अ. ब. क. ठेवले आहे, प्रत्यक्षात ते आधारकार्डावर व पासबुकात आहे तसेच, वडिलांच्या नावासह लिहावे. दोन्ही कागदांवर वर कारखान्याचे नाव, पूर्ण पत्ता, जावक क्रमांक व दिनांक हवा. खाली सही, सही करणाऱ्याचे नाव, पद आणि शिक्का.

कार्यमुक्ती पत्र असे झाले :

'प्रति, श्री. अ. ब. क., यंत्रचालक. विषय : राजीनामा मंजूर करून कार्यमुक्त केल्याबाबत. आपला दि. १ ऑगस्ट २०२५ चा राजीनामा मंजूर करण्यात आला आहे. सूचनेचा ३० दिवसांचा काळ आपण पूर्ण केला असून दि. ३० ऑगस्ट २०२५ रोजी कामाची वेळ संपल्यापासून आपणांस कार्यमुक्त करण्यात आले आहे. ओळखपत्र, व्हर्नियर, मायक्रोमीटर व कपाटाची किल्ली आपण परत केली आहे. अखेरचे वेतन व शिल्लक रजेची रक्कम यांचा हिशेब स्वतंत्रपणे देण्यात येईल.'

हे पत्र सप्टेंबरात लिहिले गेले, म्हणून वरचा दिनांक सप्टेंबरचाच ठेवला. मागची तारीख टाकण्याचा मोह मालकाला झाला होता; पण जावक वहीत ३० ऑगस्टची पाने केव्हाच भरली होती. शेवटचे वाक्यही जाणून लिहिले आहे. कित्येक पत्रांत 'आपले सर्व देणे फिटले आहे' असे छापील वाक्य असते आणि पैसे मात्र हातात आलेले नसतात. सही करून तो कागद घेतला की पुढे मागायला तोंड राहत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा देणाऱ्याचे वेतनही कामाच्या दोन दिवसांत द्यावे लागते. तरीही पैसे मिळण्याआधी मिळाल्याचे लिहू नये.

अनुभव प्रमाणपत्र असे :

'प्रमाणित करण्यात येते की, श्री. अ. ब. क. हे दि. १ एप्रिल २०२१ ते दि. ३० ऑगस्ट २०२५ या काळात या कारखान्यात यंत्रचालक या पदावर नोकरीस होते. सीएनसी लेथवर लोखंडी व पितळी भाग कातणे, हत्यार बदलून ऑफसेट देणे आणि पहिल्या नगाची मापे घेणे ही कामे ते करीत असत. त्यांनी स्वेच्छेने राजीनामा देऊन नोकरी सोडली आहे. या काळातील त्यांचे काम व वर्तणूक समाधानकारक होती.'

होतकरू, आज्ञाधारक हे माझे शब्द गेले आणि त्या जागी ऑफसेट आला. चाकणच्या मुकादमाने नेमके तेच वाक्य बोट ठेवून वाचले, असे दादा सांगतो. प्रशंसा कोणत्याही माणसाची लिहिता येते. पहिल्या नगाची मापे घेणारा कोण, हे यंत्रावर काम देणाऱ्याला कळायला हवे असते.

येथे एक प्रश्न येतो. मालक नाराज असेल तर? दाखला ही मर्जीची गोष्ट आहे, असे दोन्ही बाजू समजून चालतात. औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायदा, १९४६ हा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला. त्या कायद्याखालील केंद्रीय नमुना आदेशांत म्हटले होते की, कायम कामगारास बडतर्फी, सेवामुक्ती किंवा निवृत्तीच्या वेळी सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क आहे. बडतर्फ केलेल्यालासुद्धा! याचा अर्थ दाखला ही शाबासकी नव्हे, झालेल्या चाकरीची ती नोंद आहे. मालकाला वर्तणुकीविषयी चांगले लिहवत नसेल तर त्याने ते वाक्य गाळावे. तारखा, पद आणि काम यांत त्याच्या रागाला जागा नाही.

ठेकेदाराने आधी टाळाटाळ केली. दादाने फोनवर नमुना क्रमांक पंधरा म्हटल्यावर "पाठवतो" म्हणाला आणि नवव्या दिवशी कागद आला. त्यात दादाच्या नावात एक अक्षर चुकले होते. ते दुरुस्त करून आणायला आणखी दोन दिवस गेले. मुदतीच्या चौदाव्या दिवशी तिन्ही कागद चाकणला जमा झाले.

आमच्या आजोबांनी सोलापूरच्या एका गिरणीत कित्येक वर्षे काम केले होते. त्यांचा दाखला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घराच्या दगडमातीखाली गेला. दुसरी प्रत मागायला जावे तर गिरणीच बंद झालेली. सास्तुरात असे कागद अनेकांचे गेले. कारखाना चालू असेल आणि मूळ कागदाचा जावक क्रमांक ठाऊक असेल, तर दुय्यम प्रत मिळते. तिच्यावर 'दुय्यम प्रत' असे स्पष्ट लिहून मूळ क्रमांक व मूळ दिनांक द्यावा, आणि खाली आजची तारीख घालावी. म्हणून दादाच्या तिन्ही कागदांचे जावक क्रमांक मी माझ्या व्यावहारिक मराठीच्या वहीत, शेवटच्या पानावर, उतरवून ठेवले आहेत.